पाव औंसाचा हिशोब

डायकिरी हे कॉकटेल क्युबातल्या सँटियागोजवळच्या डायकिरी नावाच्या ठिकाणावरून ओळखलं जातं. त्यात रम, लिंबाचा रस आणि साखरेचा साधा पाक एवढंच असतं. अमेरिकी पुस्तकांत त्याचं एक नेहमीचं प्रमाण दिलेलं असतं: रम २ औंस, रस पाऊण औंस, पाक पाऊण औंस. बर्फ घालून शेकरमध्ये जोरात हलवायचं आणि गाळून ग्लासात ओतायचं. तीनच जिनसा असल्यामुळे एकीचं प्रमाण चुकलं तर ते झाकायला चौथी नसते. मापाचं महत्त्व समजून घ्यायला म्हणूनच हे पेय बरं.

मिलिलिटरमध्ये मांडलं तर हे प्रमाण होतं ६०, २२.५ आणि २२.५. हात हलून ५ मिलि रम जास्त पडली तर फरक आठ टक्क्यांचा. पिणाऱ्याला तो कळेलच असं नाही. तेच ५ मिलि लिंबाच्या रसात जास्त पडले तर रस बावीस टक्क्यांनी वाढतो आणि पहिल्याच घोटाला तोंड आंबतं. दारूच्या मापाबद्दल सगळे दक्ष असतात, कारण पैसे तिचे मोजायचे असतात. चव मात्र बिघडते ती आंबट आणि गोडाच्या छोट्या मापांत, आणि नेमकी तीच माणसं अंदाजाने ओततात.

सराईत बारटेंडर बाटलीला तोटी लावून मनात आकडे मोजत ओततात, ते दिसतं छान. पण तो वेग दारूसाठी बसवलेला असतो. पाक दाट असल्यामुळे त्याच तोटीतून हळू येतो. म्हणजे आकडे तेवढेच मोजले तरी पाक कमी पडतो आणि पेय आंबट होतं. बाटली रिकामी होत आली की धारही बदलते. जिगर नावाचं दोन तोंडांचं धातूचं माप वापरलं की या दोन्ही अडचणी उरत नाहीत. आपल्याकडे बारमध्ये त्याला पेग मेजर म्हणतात आणि बहुतेक वेळा त्याची एक बाजू ३० मिलिची, म्हणजे स्मॉल पेगची, तर दुसरी ६० मिलिची, म्हणजे लार्जची असते.

जिगर हातात आला म्हणजे माप बरोबर आलं, असं मात्र नाही. बरेच जिगर शंकूच्या आकाराचे असतात आणि शंकूत डोळ्याला हमखास चकवा बसतो. तळाशी टोकदार असलेला ३० मिलिचा शंकू अर्ध्या उंचीपर्यंत भरला तर त्यात १५ मिलि मावत नाहीत, जेमतेम पावणेचार मावतात. कारण उंचीबरोबर रुंदीही दोन्ही बाजूंनी निम्मी होते, आणि निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं म्हणजे एक अष्टमांश. खऱ्या जिगरचा तळ टोकदार नसून थोडा बोथट असतो, त्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो. पण अर्धी उंची म्हणजे अर्धं माप हे तिथेही खरं नाही. पूर्ण शंकूत १५ मिलि हवे असतील तर जवळजवळ ऐंशी टक्के उंची गाठावी लागते. म्हणून आतल्या बाजूला रेषा कोरलेला जिगर घ्यावा, किंवा हवं ते माप काठोकाठ भरेल अशी बाजू वापरावी.

काठोकाठ भरतानाही तोंडाच्या रुंदीचा प्रश्न येतोच. तोंड ४ सेंटिमीटर रुंद असेल तर पातळीत एका मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे सव्वा मिलि. तोंड २.८ सेंटिमीटरचं असेल तर तोच फरक साधारण ०.६ मिलिवर येतो. उंच, सडपातळ जपानी पद्धतीचे जिगर अनेकांना आवडतात ते दिसण्यासाठी, पण त्यांचा खरा फायदा हा आहे.

विकत घेतलेला जिगर एकदा घरच्या डिजिटल वजनकाट्यावर तपासून पाहावा. रिकामा जिगर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि पाणी भरायचं. पाण्याचा एक मिलि म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, तेव्हा ३० मिलिच्या बाजूत ३० ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. ही तपासणी पाण्यानेच करायची. समभाग साखर-पाण्याचा पाक एका मिलिला सव्वा ग्रॅमच्या जवळ भरतो, त्यामुळे त्याने तपासलं तर चांगलं मापही खोटं वाटेल.

आता औंसाकडे वळू. अमेरिकी द्रव औंस २९.५७ मिलिचा, ब्रिटिश २८.४१ मिलिचा. हे आकडे पाहून लोक गणकयंत्र काढतात आणि ५९.१४ मिलि रम लिहून ठेवतात. त्याची गरज नाही. एक औंस म्हणजे ३० मिलि धरा. सगळ्या जिनसांना तोच गुणक लावला तर प्रमाण तिळमात्र बदलत नाही, पेय फक्त दीड टक्क्याने मोठं होतं. बिघाड होतो तो वेगवेगळ्या जिनसांना वेगवेगळे गुणक लागल्यामुळे.

समजा, तुमच्याकडे २५ आणि ५० मिलिचा जिगर आहे. ब्रिटनमध्ये २५ मिलिचं माप सर्रास वापरतात. २ औंसांना ५० घेतले आणि पाऊण औंसाला जवळचं म्हणून २५. मूळ प्रमाणात रम एकूण पेयाच्या सत्तावन्न टक्के होती, आता पन्नासवर आली. चव सरबताकडे झुकते आणि रम मागे पडते. त्याहून वाईट म्हणजे रस वर आणि पाक खाली नेऊन गोल आकडे करणं: ६०, २५, २०. कागदावर हे अगदी निरुपद्रवी दिसतं. पण मुळात रस आणि पाक सारखे होते. आता रस पाकाच्या सव्वापट झाला.

यावर सोपा उपाय असा, की औंस विसरून पाव औंसांत मोजायचं. २ औंस म्हणजे आठ पाव, पाऊण औंस म्हणजे तीन. डायकिरी झाली आठ, तीन, तीन. एका पावाला ७.५ मिलि दिले की ६०, २२.५, २२.५. साडेबावीसची रेषा जिगरवर नसेल तर पावाला ५ मिलि द्या: ४०, १५, १५. प्रमाण तेच, ग्लास लहान. पाहुणे दोन असतील तर पावाला १० द्या: ८०, ३०, ३०, आणि दोघांत वाटा, इथे पेग मेजरची ३० मिलिची बाजू काठोकाठ वापरता येते. लहान पेय करताना शेकर थोडा कमी वेळ हलवावा, नाहीतर बर्फाचं पाणी प्रमाणापेक्षा जास्त उतरतं.

केक करणाऱ्या घरात मोजायचे चमचे असतात, ते इथे चालतात. छोटा चमचा ५ मिलिचा, मोठा १५ चा, आणि अर्धा छोटा अडीचचा. साडेबावीस म्हणजे एक मोठा, एक छोटा आणि एक अर्धा. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी मात्र एकदा चमच्यावरचा आकडा पाहून घ्यावा, कारण तिथला मोठा चमचा २० मिलिचा असतो.

काही गोष्टी या गणितात आणूच नयेत. बिटर्सचे दोन डॅश म्हणजे दोन डॅश. त्यांचे मिलिलिटर करत बसू नये. नेग्रोनीसारख्या समभाग पेयात तर रूपांतराचा प्रश्नच नाही: जिन, गोड व्हर्मुथ आणि कंपारी तिन्ही ३० घ्या किंवा तिन्ही २५, चव तीच.

मापं बरोबर घेऊनही भारतात डायकिरी आंबट लागू शकते, आणि त्याला जिगर जबाबदार नसतो. अमेरिकी पाककृतींमागे बहुधा मोठं, बिनबियांचं पर्शियन लिंबू असतं. आपलं कागदी लिंबू जातीनेच वेगळं, सहसा जास्त आंबट, आणि दर हंगामात थोडं बदलणारं. म्हणून पहिला ग्लास पाककृतीप्रमाणे तंतोतंत करावा आणि चाखावा. आंबट वाटला तर पुढच्यात रस २२.५ वरून २० वर आणावा आणि बाकी दोन जिनसांना हात लावू नये. पाकही त्याच वेळी वाढवला, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.