एक तार जमिनीला टेकते तेव्हा

जूनचा पहिला वळीव पडतो आणि ३३ केव्हीच्या फीडरवर कुठेतरी ओली फांदी एका तारेला लागते. तीनपैकी दोन तारा शाबूत असतात. बिघाड एकाच तारेत झालेला असतो, पण तिच्यातला प्रवाह क्षणात कैक पटींनी वाढून फांदीवाटे जमिनीत उतरतो आणि सबस्टेशनमधला रिले ब्रेकर उघडतो. ओव्हरहेड लाइनवरच्या बिघाडांपैकी बहुतांश, पाठ्यपुस्तकांच्या अंदाजाने ७० ते ८० टक्के, याच जातीचे असतात: एक तार आणि जमीन. अभियंते याला सिंगल लाइन टू ग्राउंड किंवा सरळ अर्थ फॉल्ट म्हणतात.

गंमत अशी की गणिताला हाच बिघाड सर्वांत अडचणीचा. तिन्ही तारा एकत्र शॉर्ट झाल्या तर बिघाड मोठा असतो, पण हिशेब सोपा. तिन्ही फेजमध्ये सारखेच घडत असल्यामुळे एक फेज सोडवायची आणि बाकीच्या दोघींचे उत्तर १२० अंशांनी फिरवून घ्यायचे. एकाच तारेत बिघाड झाला की ही सोय जाते. तारा एकमेकींच्या चुंबकीय क्षेत्रात असतात, जनित्राच्या तिन्ही वाइंडिंग एकाच रोटरभोवती असतात. त्यामुळे एकीचा प्रवाह बदलला की बाकीच्या दोघींचे व्होल्टेज हलते. तीन गुंतलेली समीकरणे एकदम सोडवायची, तीही शेकडो लाइनी आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या जाळ्यासाठी.

या गुंत्यातून वाट काढली चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी. १८७६ मध्ये कॅनडातल्या यॉर्क फॅक्टरी या हडसन बे कंपनीच्या व्यापारी ठाण्यावर जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत वेस्टिंगहाऊसमध्ये नोकरीला लागला. १९१३ च्या अखेरीस त्यांच्यासमोर प्रश्न आला तो असमतोल पुरवठ्यावर चालणाऱ्या इंडक्शन मोटरचा. त्याची उकल करताना त्यांच्या लक्षात आले की उत्तर नेहमी दोन किंवा अधिक समतोल उत्तरांची बेरीज म्हणून येते. १९१८ च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीतल्या विद्युत अभियंत्यांच्या अधिवेशनात त्यांनी यावर भलामोठा निबंध वाचला. अर्थ फॉल्टचा हिशेब आज याच पद्धतीने मांडतात.

पद्धतीचे मूळ म्हणणे एका वाक्यात मावते: तीन फेजमधले कोणतेही वेडेवाकडे प्रवाह तीन नीटनेटक्या संचांची बेरीज म्हणून लिहिता येतात. पहिला पॉझिटिव्ह सिक्वेन्सचा, म्हणजे तीन सारखे प्रवाह, १२० अंशांच्या अंतराने, नेहमीच्या क्रमाने फिरणारे. दुसरा निगेटिव्ह सिक्वेन्सचा, तसाच, पण उलट क्रमाने फिरणारा. तिसरा झीरो सिक्वेन्सचा, ज्यात तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी, एकाच दिशेने सारखाच प्रवाह असतो.

हे ऐकून कोणीही विचारेल की ज्या दोन तारांत बिघाडाचा प्रवाह नाहीच, त्यांचे काय? समजा आर फेजमधून ६ एकक प्रवाह जमिनीत जातो आहे आणि वाय, बी मध्ये शून्य आहे. फोर्टेस्क्यूंच्या हिशेबात तिन्ही संच २ एककांचे धरायचे. आर फेजमध्ये तिघांचे बाण एकाच दिशेला येतात: २ अधिक २ अधिक २, सहा. वाय फेजमध्ये मात्र पॉझिटिव्हचा बाण एका बाजूला, निगेटिव्हचा दुसऱ्या बाजूला आणि झीरोचा तिसऱ्या बाजूला, एकमेकांपासून बरोबर १२० अंशांवर असतात. तीन सारखे बाण असे उभे राहिले की बेरीज शून्य. बी फेजमध्येही तेच. कागदावर प्रत्येक तारेत तीन-तीन प्रवाह आहेत, आणि तरी अॅमीटरला दोन तारांत काहीच दिसत नाही.

फायदा पुढे कळतो. तारांची मांडणी समतोल असेल तर हे संच एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत. पॉझिटिव्ह संचाचा प्रवाह फक्त पॉझिटिव्ह व्होल्टेज पाडतो, झीरोचा फक्त झीरो. म्हणून एका गुंतलेल्या जाळ्याऐवजी तीन स्वतंत्र साधी जाळी काढता येतात. जनित्राचे व्होल्टेज फक्त पॉझिटिव्ह जाळ्यात असते, कारण जनित्र योग्य क्रमानेच व्होल्टेज तयार करते. निगेटिव्ह जाळ्यात स्रोत नाही. लाइन आणि ट्रान्सफॉर्मर यांना फेजचा क्रम उलटा झाल्याने फरक पडत नाही, म्हणून तिथे दोन्ही इंपीडन्स सारखेच. झीरो जाळे वेगळेच असते. तीन सारखे प्रवाह परत येणार कुठून? जमिनीतून, न्यूट्रलमधून. जिथे न्यूट्रल अर्थ केलेला नाही तिथे हे जाळे तुटते.

अर्थ फॉल्टमध्ये ही तीन जाळी कशी जोडायची, हे बिघाड स्वतःच सांगतो. तिन्ही संच सारखे निघाले, म्हणजे तिन्ही जाळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. बिघाडाच्या जागी तार जमिनीला टेकलेली आहे, म्हणजे तिथल्या तिन्ही व्होल्टेजची बेरीज शून्य. एकच प्रवाह आणि व्होल्टेजची बेरीज शून्य, हे लक्षण सिरीज सर्किटचे. तिन्ही जाळी एकापुढे एक जोडायची आणि ओहमचा नियम लावायचा.

एक सबस्टेशन घेऊन पाहू. १३२ केव्हीचा पुरवठा, त्याची शॉर्ट सर्किट क्षमता २,००० एमव्हीए. त्यावर ५० एमव्हीएचा १३२/३३ केव्ही ट्रान्सफॉर्मर, इंपीडन्स साडेबारा टक्के, १३२ कडे डेल्टा आणि ३३ कडे स्टार, न्यूट्रल थेट अर्थ केलेला. रेझिस्टन्स लहान म्हणून सोडून देऊ. ३३ केव्हीच्या बाजूने पाहिले तर पुरवठ्याचा इंपीडन्स ०.५४ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरचा २.७२ ओहम येतो, मिळून ३.२७. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह जाळ्याचा आकडा हाच. झीरो जाळ्यात मात्र फक्त २.७२, कारण डेल्टा वाइंडिंग हा प्रवाह आपल्यातच फिरवते, १३२ च्या लाइनीत जाऊ देत नाही.

फेज व्होल्टेज १९,०५० व्होल्ट. बसवरच अर्थ फॉल्ट झाला तर तिन्ही मिळून ९.२६ ओहम, म्हणजे प्रत्येक जाळ्यात सुमारे २,०६० अँपिअर आणि तारेत त्याच्या तिप्पट, जवळपास ६,१७०. तिन्ही फेज एकत्र शॉर्ट झाल्या असत्या तर ५,८३० अँपिअर आले असते. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी एका तारेचा बिघाड तीन तारांच्या बिघाडापेक्षा भारी ठरतो! ब्रेकर निवडताना तीन फेजचाच आकडा पाहिला तर इथे चूक होते.

आता दहा किलोमीटर पुढे जाऊ. लाइनचा पॉझिटिव्ह इंपीडन्स किलोमीटरला ०.४ ओहम धरला तर झीरोचा साधारण तिप्पट, १.२ ओहम, कारण परतीचा प्रवाह जमिनीत खोलवर पसरून येतो. मग पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ७.२७, झीरो १४.७२, बेरीज २९.२६ ओहम. तारेत सुमारे १,९५० अँपिअर. याच जागी तीन फेजच्या बिघाडात २,६२० आले असते, म्हणजे क्रम उलटला. शाबूत तारांचे व्होल्टेजही याच हिशेबातून निघते: १९ केव्हीवरून जवळपास २१.९ केव्ही, पंधरा टक्के जास्त. न्यूट्रल अर्थच केला नसता तर बिघाडाचा प्रवाह फार थोडा राहिला असता, पण शाबूत तारांवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण ३३ केव्ही चढले असते आणि इन्सुलेटरवर तो ताण आला असता.

सबस्टेशनमधले रिलेही हीच भाषा बोलतात. तिन्ही फेजच्या सीटींची टोके एकत्र जोडली की बाहेर येते ती तिन्ही प्रवाहांची बेरीज, म्हणजे झीरो सिक्वेन्सच्या तिप्पट. नेहमीच्या समतोल भारात ही बेरीज शून्याजवळ असते. म्हणून अर्थ फॉल्ट रिले भारापेक्षा कितीतरी खाली, ४०० अँपिअरच्या सीटीवर २० टक्के म्हणजे ८० अँपिअरवरही लावता येतो. फेजचा ओव्हरकरंट रिले मात्र भाराच्या वरच ठेवावा लागतो.

डेल्टामुळे एक फसवणूकही होते. बसवरच्या त्या ६,१७० अँपिअरच्या बिघाडाचे १३२ केव्हीच्या बाजूचे रेकॉर्ड पाहिले तर दोन फेजमध्ये साधारण ८९० अँपिअर, एकमेकांच्या उलट दिशेने, आणि तिसऱ्या फेजमध्ये त्याचा मागमूस नाही. झीरो सिक्वेन्स तर अजिबात नाही. नवखा अभियंता याला दोन तारांचा शॉर्ट समजेल. ३३ कडच्या न्यूट्रलमधला प्रवाह पाहिल्यावरच खरा प्रकार कळतो.

फांदीचा किंवा कोरड्या मातीचा रेझिस्टन्स हिशेबात घेताना तो तिप्पट करून सिरीजमध्ये घालायचा, कारण त्यातून प्रत्यक्षात तिन्ही जाळ्यांचे प्रवाह मिळून वाहतात. दहा किलोमीटरवरच्या बिघाडात १०० ओहम असेल तर ३०० धरायचे. मग तारेतला प्रवाह १,९५० वरून १९० अँपिअरवर येतो. फेजच्या रिलेला हा भारातलाच वाटेल, अर्थ फॉल्ट रिले मात्र उचलेल. पण तुटलेली तार खडकावर किंवा कोरड्या डांबरी रस्त्यावर पडली आणि रेझिस्टन्स २,००० ओहम निघाला, तर प्रवाह साडेनऊ अँपिअर. ८० अँपिअरवर लावलेला रिले गप्प राहतो, फीडर चालू राहतो आणि खाली पडलेली तार जिवंत असते. पद्धत इथे चुकत नाही, पण तिला लागणारा तो एक आकडा, त्या जागेचा रेझिस्टन्स, आधी कोणालाच ठाऊक नसतो. सेटिंग आणखी खाली आणावे तर भारातल्या साध्या असमतोलानेच फीडर वारंवार ट्रिप होऊ लागतो. म्हणून लाइनमन अशी तार दिसली की रिलेने काय केले हे न विचारता आधी फीडर बंद करायला लावतात, आणि अर्थिंग रॉड लावल्याशिवाय तिला हात घालत नाहीत.