शेअरचा विमा: पुट आणि कॉल ऑप्शनची ओळख

समजा, एका गृहस्थांकडे एका कंपनीचे ५०० शेअर आहेत. भाव १,००० रुपये, म्हणजे पाच लाखांचा ऐवज. पुढच्या महिन्यात फ्लॅटचे पैसे भरायला हीच रक्कम लागणार आहे. शेअर आजही विकता येतील, पण ते घेऊन वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी आहेत. वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर बसतो. वर्षानंतर तोच कर साडेबारा टक्के होतो आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काहीच द्यावे लागत नाही. थांबणे फायद्याचे आहे. पण या तीन आठवड्यांत बाजार कोसळला तर?

आगीची भीती वाटते म्हणून कुणी घर विकत नाही, त्याचा विमा उतरवतो. शेअरच्या बाबतीत हेच काम पुट ऑप्शन करतो. ठरावीक भावाला, ठरावीक मुदतीपर्यंत शेअर विकण्याचा हक्क म्हणजे पुट. हक्क आहे, सक्ती नाही. त्या हक्काची किंमत आधीच मोजायची असते आणि तिला विम्यासारखेच प्रीमियम म्हणतात. ठरलेल्या भावाला स्ट्राइक आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाला एक्स्पायरी म्हणतात.

आपल्या गृहस्थांनी ९५० च्या स्ट्राइकचा, एका महिन्याचा पुट घेतला. प्रीमियम शेअरमागे १५ रुपये. ऑप्शन सुटा मिळत नाही, लॉटमध्येच घ्यावा लागतो. या कंपनीचा लॉट ५०० शेअरचा आहे असे धरले, तर खर्च ७,५०० रुपये. आता महिन्याअखेरीस काय काय होऊ शकते ते पाहू.

भाव ८५० वर आला, तर शेअरमध्ये ७५,००० रुपयांचा तोटा दिसेल. पण त्यांच्याकडे ९५० ला विकण्याचा हक्क आहे, म्हणजे शेअरमागे १०० रुपये, एकूण ५०,००० रुपये पुट भरून देईल. प्रीमियम धरून निव्वळ तोटा ३२,५०० रुपये. भाव ७०० पर्यंत घसरला तरी गणित बदलत नाही: शेअरमध्ये दीड लाख गेले, पुटमधून सव्वा लाख आले, निव्वळ तोटा पुन्हा ३२,५०० च. याहून मोठा फटका त्यांना बसूच शकत नाही.

भाव ९६० वर थांबला, तर पुटमधून काही मिळणार नाही. १,००० ते ९५० हा पहिला ५० रुपयांचा घसारा त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला आहे. मोटारीच्या विम्यात नुकसानीची पहिली काही रक्कम मालकाने सोसायची असते, तसेच हे. आणि भाव १,१०० झाला, तर पुट वाया जाईल, पण शेअरवर ५०,००० मिळालेले असतील. त्यातून प्रीमियम वजा जाता ४२,५०० हाती राहतील. वर्षभर घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता बुडाला असे आपण म्हणत नाही. पुटकडेही याच नजरेने पाहायला हवे.

कॉल ऑप्शन याच्या उलट दिशेचा. ठरलेल्या भावाला शेअर विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल. एका बाईंना महिन्याभराने भविष्य निर्वाह निधीचे पैसे मिळणार आहेत आणि त्यातून त्यांना हेच ५०० शेअर घ्यायचे आहेत. त्यांची भीती भाव चढण्याची आहे. त्यांनी १,०५० चा कॉल १५ रुपयांना घेतला. भाव १,२०० झाला तरी त्यांना शेअर १,०५० लाच मिळेल, प्रीमियम धरून १,०६५ ला पडेल. भाव खाली गेला, तर त्या कॉल सोडून देतील आणि बाजारातून स्वस्तात घेतील. पुट मालकाचे घसरणीपासून रक्षण करतो, कॉल होणाऱ्या मालकाचे तेजीपासून.

प्रीमियम किती असावा, हेही विम्याच्याच हिशेबाने ठरते. मुदत लांब असेल तर हप्ता जास्त. स्ट्राइक आजच्या भावाच्या जितका जवळ, म्हणजे आपण स्वतः सोसायचा भाग जितका कमी, तितका हप्ता जास्त. तिसरी गोष्ट म्हणजे बाजारातली अस्थिरता. पुराच्या पट्ट्यातल्या घराचा विमा महाग असतो, तसे मोठ्या घटनेच्या तोंडावर ऑप्शन महागतात. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले त्याआधी हेच झाले होते. त्या एका दिवसात निफ्टी जवळपास सहा टक्के घसरला. घटना पार पडली, अनिश्चितता सरली, की प्रीमियम झपाट्याने उतरतो. म्हणून कधी कधी भाव आपल्या अंदाजाप्रमाणे हलतो आणि तरीही ऑप्शन घेणाऱ्याचे नुकसान होते. त्याने चढ्या दराने विमा घेतलेला असतो.

मुदतीचा खर्चही डोळ्यांआड करू नये. वरचा पुट दर महिन्याला घेत राहिले, तर वर्षाला ९०,००० रुपये होतात, म्हणजे पाच लाखांच्या ऐवजावर १८ टक्के. शेअर इतके कमावतीलच याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. म्हणून पुट कायमचा घ्यायचा नसतो. आपल्या गृहस्थांसारखी नेमकी गरज आणि नेमकी मुदत असेल, तेव्हाच तो परवडतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: आपल्याकडे कंपनीच्या शेअरवरच्या ऑप्शनमध्ये एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. ते नको असेल, तर एक्स्पायरीआधी पुट बाजारात विकून टाकावा आणि शेअर वेगळे विकावेत.

विम्याशी साम्य इथपर्यंत चालते. पुढे दोन ठिकाणी ते तुटते आणि सामान्य माणूस नेमका तिथेच बुडतो.

पहिले ठिकाण विकणाऱ्याचे. पुट विकणारा हा विमा कंपनीच्या जागी असतो: हातात ७,५०० रुपये येतात, पण भाव ७०० झाला तर सव्वा लाख द्यावे लागतात. कॉल विकणाऱ्याच्या तोट्याला तर वरची मर्यादाच नाही. विमा कंपनी तरते, कारण तिची हजारो घरे एकाच दिवशी जळत नाहीत. बाजारात मात्र सगळी घरे एकदमच पेटतात. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. त्या दिवशी पुट विकून बसलेल्या प्रत्येकावर एकाच वेळी दावे आले. महिनोन्‌महिने थोडे थोडे मिळवलेले एका दिवसात जाते, ते असे.

दुसरे ठिकाण घेणाऱ्याचे. शेजाऱ्याच्या घराचा आगीचा विमा आपल्याला काढता येत नाही, कारण ते जळल्याने आपले काही जात नाही. ऑप्शनला ही अट नाही. एकही शेअर नसताना कुणीही पुट घेऊ शकतो, आणि मग तो विमा राहत नाही, नुसती पैज होते. दर दिवसागणिक त्याची मुदत आणि किंमत झिजत जाते. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

म्हणून ऑप्शनच्या ऑर्डरवर बोट ठेवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी कशाचा विमा उतरवतो आहे? हातातले शेअर किंवा ठरलेली खरेदी दाखवता आली, तर प्रीमियम हा खर्च समजून भरावा आणि दावा करण्याची वेळ येऊ नये अशी इच्छा धरावी. दाखवता आली नाही, तर ती ऑर्डर देऊ नये.