एकमताचा ठराव आणि सात चिठ्ठ्या

शिरोड्याच्या बाजारपेठेपासून थोड्या अंतरावर, माडांच्या आडोशाला, चिऱ्यांचे एक जोते उभे आहे. तीन पावसाळे त्याने अंगावर घेतले आहेत आणि आता त्याच्या सांध्यांतून गवत उगवते. एका लहानशा मदतनिधीचे सभागृह तेथे होणार होते. निधीच्या कार्यकारिणीत आम्ही सात सदस्य होतो आणि सभागृहाचा ठराव एकमताने झाला होता. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्या ठरावाकडे मागे वळून पाहताना जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. आपल्यापैकी अनेकजण पाठशाळेच्या, चातुर्मासाच्या वा विद्यार्थिगृहाच्या समितीत बसतात. त्यांना ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

निधीची मुदत ठेव बारा लाखांची होती. सात टक्क्यांप्रमाणे वर्षाला चौऱ्याऐंशी हजार रुपये व्याज येई आणि त्यातून रुग्णांना औषधासाठी व मुलांना शुल्कासाठी साहाय्य दिले जाई. सभागृहासाठी ठेवीतील किती रक्कम मोडावी, हा सभेपुढील प्रश्न होता. आमचे चिटणीस मोठे टापटिपीचे. सभेच्या आठवडाभर आधी त्यांनी प्रत्येकाला फोन करून मत विचारले आणि आकडे आपल्या वहीत टिपून ठेवले. ते असे होते : पाच, सहा, सहा, सात, सात, आठ आणि दहा लाख. सरासरी सात लाख. माझा आकडा सहाचा होता.

सभा दोन तास चालली. कोणी आवाज चढवला नाही, कोणी कोणावर दडपण आणले नाही. एकाने सांगितले की चिऱ्यांचा भाव पुढील वर्षी वाढेल. दुसऱ्याने लग्नसराईच्या भाड्याचा हिशेब मांडला. तिसऱ्याने शेजारच्या गावातील सभागृहाचा दाखला दिला, तर चौथ्याने मुंबईकर देणगीदारांची आठवण करून दिली. सर्वांत वडील सदस्य, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, एवढेच म्हणाले, "मोडूक येळ लागणा नाय, जमवूक जल्म जाता." यावर सर्वांनी आदराने मान हलवली, कारण हे प्रत्येकाला ठाऊकच होते. सभेअखेर ठराव झाला दहा लाखांचा. सभेपूर्वी जो आकडा सातांपैकी एकट्याचा होता, तो सभेनंतर सर्वांचा झाला.

देणग्या अपेक्षेप्रमाणे आल्या नाहीत. काम जोत्याशी थांबले आणि उरलेल्या दोन लाखांवर वर्षाला चौदा हजार व्याज येऊ लागले.

समितीची ही चाल मानसशास्त्राच्या अभ्यासकांना साठ वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेम्स स्टोनर नावाचा विद्यार्थी 1961 साली पदव्युत्तर प्रबंध लिहीत होता. गटाने घेतलेले निर्णय एकट्याच्या निर्णयापेक्षा अधिक सावध असतात, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. स्टोनरने बारा प्रसंगांची एक प्रश्नावली वापरली. त्यातील एक प्रसंग असा : एका अभियंत्याला बेताच्या पगाराची पण निवृत्तिवेतनासह कायमची नोकरी आहे. नव्याने निघालेली एक छोटी कंपनी त्याला अधिक पगार आणि मालकीत वाटा देऊ करते, परंतु ती टिकेल की नाही याची शाश्वती नाही. कंपनी टिकण्याची शक्यता दहात किमान किती असेल, तर त्याने ती नोकरी धरावी? दहात एक, तीन, पाच, सात की नऊ?

प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर लिहिले. नंतर गटाने चर्चा करून एकमताने एक उत्तर ठरवले. सावधपणा वाढेल ही अपेक्षा खोटी ठरली. बहुतेक प्रसंगांत गटाचे उत्तर सदस्यांच्या आधीच्या सरासरीहून अधिक धाडसाचे निघाले. म्हणून या घटनेला 'जोखमीकडे सरकणे' असे नाव पडले.

परंतु नाव अपुरे होते. त्याच प्रश्नावलीतील काही प्रसंगांत गट उलट दिशेने सरकत. तीव्र मतभेद असलेल्या एका जोडप्याने विवाह करावा की नाही, हा त्यांपैकी एक. तेथे चर्चेनंतर गट अधिक सावध होई. 1969 साली सर्ज मॉस्कोविची आणि मरिसा झावालोनी यांनी पॅरिसमधील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाने चित्र स्पष्ट केले. त्या विद्यार्थ्यांचे द गॉल यांच्याविषयीचे मत मुळात अनुकूल होते, चर्चेनंतर ते अधिक अनुकूल झाले. अमेरिकनांविषयीचे मत मुळात प्रतिकूल होते, ते अधिक प्रतिकूल झाले. म्हणजे चर्चा माणसाला धाडसी करते किंवा भित्रा करते, असे नव्हे. गट आधीच ज्या बाजूला कललेला असतो, त्याच बाजूला ती त्याला आणखी ढकलते. यालाच गट-ध्रुवीकरण म्हणतात.

आमच्या समितीने या उलट्या दिशेचाही पुरावा दिला. जोते थांबल्यानंतरच्या वर्षी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या एका मुलीने वीस हजारांचे साहाय्य मागितले. आता सर्वजण पोळलेले होते. चिटणिसांच्या वहीतील आकडे होते तीन, पाच, पाच, सहा, सहा, आठ आणि नऊ हजार. सरासरी सहा हजार. कल काटकसरीकडे होता आणि चर्चेने तो वाढवला. ठराव झाला तीन हजारांचा, पुन्हा एकमताने. माणसे तीच, खोली तीच, पण सरकणे उलट्या टोकाकडे. त्या मुलीने तीन हजार रुपये नम्रपणे घेतले. तिचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

असे का घडते, याची दोन मुख्य कारणे अभ्यासकांनी दाखवली आहेत. पहिले कारण युजीन बर्नस्टीन आणि अमीराम विनोकुर यांनी विस्ताराने मांडले. ते आमच्याच सभेवरून समजून घेता येईल. समजा, सभागृहाच्या बाजूने एकूण नऊ मुद्दे सात जणांच्या मनात विखुरलेले होते आणि विरुद्ध बाजूला दोनच होते. प्रत्येकाच्या मनात बाजूचे तीन मुद्दे, पण प्रत्येकाचे तीन थोडे निराळे. विरुद्धचे दोन मुद्दे मात्र सर्वांच्या मनात तेच. घरी बसलेल्या सदस्याच्या तराजूत तीनविरुद्ध दोन असे पारडे होते. सभेत सर्वांनी आपापले मुद्दे मांडल्यावर ते नऊविरुद्ध दोन झाले. आबांचे वाक्य खरे होते, पण कोणालाही नवे नव्हते, म्हणून त्याने पारडे हलले नाही. अशा सभेत कोणी खोटे बोलत नाही आणि कोणी भोळाही नसतो. मुद्द्यांचा साठाच मुळात एकीकडे झुकलेला असतो आणि चर्चा तो सर्वांपुढे रिता करते.

दुसरे कारण इतरांशी होणाऱ्या तुलनेचे. घरी विचार करताना 'सहा लाख म्हणजे मी पुरेसा उत्साही आहे' असे मला वाटत होते. सभेत इतर सात-आठ म्हणू लागताच माझा आकडा कंजुषाचा वाटू लागला आणि मी न सांगता पुढे सरकलो. केवळ इतरांची मते कळली, मुद्दे कळले नाहीत, तरी लोक थोडे सरकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र मुद्द्यांचा परिणाम सामान्यतः अधिक मोठा असतो.

टोकाच्या माणसाच्या आकड्यापर्यंत सारी समिती पोहोचणे ही आमचीच विचित्र तऱ्हा, असे मला आधी वाटले होते. परंतु डेव्हिड श्केड, कॅस सनस्टीन आणि डॅनियल कानमन यांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन हजारांवर नागरिकांनी सहा-सहांच्या अभिरूप ज्यूरीत बसून दंडात्मक भरपाईच्या रकमा ठरवल्या. चौथ्या हिश्श्याहून अधिक ज्यूरींची रक्कम त्यांच्यातील सर्वांत कठोर सदस्याच्या आधीच्या आकड्याइतकी किंवा त्याहूनही मोठी निघाली.

मग चर्चा टाळावी काय? तसे मुळीच नाही. चर्चेत एखादी नवी वस्तुस्थिती पुढे आली आणि तिच्यामुळे मत बदलले, तर ते सरकणे योग्यच असते. संशय तेव्हा घ्यावा, जेव्हा नवी माहिती काहीच आलेली नसते, आधीचा कल होता त्याच दिशेने ठराव सरासरीच्या पुढे गेलेला असतो आणि सर्वांची खात्री मात्र पूर्वीपेक्षा वाढलेली असते. परंतु हे ओळखण्यासाठी आधीचे आकडे हाती हवेत. चिटणिसांची वही नसती, तर आम्ही सातहीजण आजही प्रामाणिकपणे सांगितले असते की आमचे मत पहिल्यापासूनच दहा लाखांचे होते.

म्हणून आता आम्ही एक साधी रीत पाळतो. रकमेचा प्रश्न असेल, तर चर्चेआधी प्रत्येकजण नाव न घालता चिठ्ठीवर आपला आकडा आणि आपल्याच आकड्याविरुद्धचे एक कारण लिहितो. चिटणीस प्रथम केवळ कारणे वाचून दाखवतात, आकडे घडी करून ठेवतात. आकडे आधी वाचले तर तुलना सुरू होते, हे ध्यानात ठेवून हा क्रम ठरवला. चर्चेनंतर आकडे वाचले जातात. ठराव सरासरीपासून दूर असेल, तर कोणत्या नव्या माहितीमुळे तो दूर गेला, हे इतिवृत्तात एका वाक्यात लिहावे लागते. ते वाक्य लिहिता आले नाही, तर विषय पुढील सभेवर जातो.

या रीतीलाही मर्यादा आहे. सातहीजण एकाच विचाराचे असतील, तर चिठ्ठ्यांवरील विरुद्ध कारणेही तीच ती, सर्वांना ठाऊक असलेली निघतात. दोन्ही बाजूंची माणसे जवळपास सारख्या संख्येने असतील, तर चर्चेने मते बहुधा टोकाकडे न जाता एकमेकांजवळ येतात. म्हणून मागील निवडीत आम्ही दोन नवे सदस्य घेतले. त्यांपैकी एक, पूर्वी स्वतः या निधीचे साहाय्य घेऊन शिकलेली शिक्षिका आहे.

जोत्यावर छप्पर घालण्यासाठी कर्ज काढावे का, हा प्रश्न गेल्या महिन्यात आला. चिठ्ठ्यांवरील आकडे शून्यापासून चार लाखांपर्यंत होते, सरासरी दोन लाख. त्या शिक्षिकाताईंनी विचारले, "हप्ता फेडताना ज्या वर्षी भाडे येणार नाही, त्या वर्षी कोणाचे साहाय्य थांबवायचे?" हा मुद्दा एकाही चिठ्ठीवर नव्हता. ठराव झाला की तूर्त कर्ज काढू नये. एकमत झाले नाही, दोघांनी विरोध नोंदवला. इतिवृत्तात कारणाचे वाक्य मात्र सहज लिहिता आले.