हजेरीचा न हलणारा ठिपका

औषध कंपनीचा प्रतिनिधी दवाखान्याच्या दारात उभा राहून फोनवर ‘चेक-इन’ दाबतो. फोन उपग्रहांवरून आपले अक्षांश-रेखांश काढतो आणि ॲप ते नोंदवलेल्या पत्त्याशी ताडून पाहते. अंतर ठरवलेल्या मर्यादेत, समजा 100 मीटरच्या आत, असेल तर भेट नोंदली जाते.

ही नोंद खोटी करणे अवघड नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘मॉक लोकेशन ॲप’ निवडण्याची सोय असते. ती मुळात ॲप बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेली आहे, पण तिच्या मदतीने घरी बसून कराडच्या नकाशावर ठिपका ठेवता येतो. अशा स्थानावर अँड्रॉइड स्वतःच ‘मॉक’ अशी खूण करते आणि हजेरीचे ॲप ती वाचू शकते. मात्र रूट केलेल्या फोनमध्ये ही खूण लपवता येते. मग नोंदींकडेच नीट पाहावे लागते.

खरा जीपीएस कधी स्थिर नसतो. फोन टेबलावर ठेवला तरी दर सेकंदाला ठिपका थोडा सरकतो, कारण उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि उपग्रहही फिरत असतात. अक्षांशाच्या सहाव्या दशांश स्थानाचा फरक म्हणजे जमिनीवर जेमतेम 11 सेंटिमीटर. म्हणून मिनिटभरात घेतलेल्या दहा नोंदी सहाव्या स्थानापर्यंत तंतोतंत सारख्या आल्या, तर शंका घ्यायला जागा आहे.

समजा, एका प्रतिनिधीची साताऱ्यातली भेट 10:10 ला आणि कराडमधली 10:25 ला नोंदली गेली. मधला रस्ता सुमारे 50 किलोमीटरचा, म्हणजे ताशी 200 किलोमीटरचा वेग झाला. त्यातच कराडच्या साऱ्या नोंदी अगदी एकसारख्या, आणि फोन ज्या मोबाइल टॉवरला जोडलेला होता तो साताऱ्यातला. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकच सांगतात, तेव्हा त्या माणसाला बोलावून विचारणे योग्य.

पण एकाच खुणेवर कोणाला खोटे ठरवू नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इमारतीच्या आत उपग्रह दिसला नाही, तर फोन कधी आधीचेच साठवलेले स्थान पुन्हा देतो. तेव्हाही आकडे हुबेहूब सारखे येतात. त्यासाठी हजेरीच्या वेळेबरोबर ते स्थान प्रत्यक्ष कधी मोजले, ती वेळही पाहावी. अरुंद गल्लीत ठिपका दोन-तीन इमारती पलीकडे जातो. अँड्रॉइड अचूकतेसाठी ‘20 मीटर’ म्हणतो, तेव्हा खरी जागा तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण 68 टक्केच असते. शंभर मीटरच्या कुंपणाबाहेर दाखवलेला माणूस खरोखर दवाखान्याच्या बाकावर डॉक्टरांची वाट पाहत असू शकतो, आणि त्या दिवसाचा पगार कापण्याआधी त्याला दवाखान्याची चिठ्ठी किंवा सही दाखवण्याची संधी मिळायलाच हवी.