ग्रोथ चार्टच्या फोटोवर ठिपका कसा मांडाल?

धुळ्याची माझी भाची 24 महिन्यांची, वजन 10.1 किलो, उंची 85.7 सेंमी. ताईने डब्ल्यूएचओच्या मुलींच्या वजनाच्या तक्त्याचा फोटो पाठवला.

फोटो तिरका असेल तर ठिपका चुकतो. म्हणून आधी स्कॅनर अ‍ॅपमध्ये चारही कोपरे ओढून तो सरळ करा. 8 ते 10 आणि 10 ते 12 किलोच्या रेषांमधलं अंतर सारखं आलं की झालं.

समजा, फोटोत वरून मोजल्यावर 12 ची रेषा 500 पिक्सेलवर आणि 10 ची 600 वर आहे. म्हणजे एक किलोला 50 पिक्सेल. 10.1 चा ठिपका 595 वर, 24 महिन्यांच्या उभ्या रेषेवर.

तो 15व्या पर्सेंटाइलवर बसला. हे मार्क नव्हेत. तिच्या वयाच्या 100 निरोगी मुलींपैकी साधारण 15 तिच्याहून हलक्या असतात, एवढाच अर्थ. उंची तिच्या तक्त्यावर 50व्या रेषेवर आली.

एका ठिपक्याने घाबरू नका. पण पुढचे ठिपके एकेक रेषा ओलांडत खाली जायला लागले, तर डॉक्टरांना दाखवा.