कॅल्शियमच्या अणुकेंद्रकाचे माप कसे घेतले?

आपल्या हाडांत आणि दुधात जे कॅल्शियम असते, त्यातल्या जवळजवळ ९७ टक्के अणूंच्या केंद्रकात २० प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन असतात. याला कॅल्शियम-४० म्हणतात. निसर्गात याचेच एक दुर्मीळ भावंडही सापडते, कॅल्शियम-४८. त्यात प्रोटॉन तेवढेच, म्हणजे २०, पण न्यूट्रॉन मात्र २८. आठ कण जास्त म्हटल्यावर केंद्रक थोडे मोठे व्हायला हवे. इतर केंद्रकांवरून बांधलेला ठोकताळा सांगतो की त्रिज्या सुमारे सहा टक्क्यांनी वाढावी. प्रत्यक्षात काय होते, हे १९६७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट हॉफस्टॅटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले.

मुळात इतकी लहान वस्तू मोजायची कशी? एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. कॅल्शियमच्या केंद्रकाचा व्यास अशा सात-आठ फेम्टोमीटरचा असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या कोट्यवधी पट मोठी आहे. समुद्राच्या लाटेला वाळूच्या कणाचा पत्ता लागत नाही, तसेच हे. मात्र इलेक्ट्रॉन हाही तरंगासारखा वागतो, आणि त्याची ऊर्जा वाढवली की तरंगलांबी कमी होते. स्टॅनफर्डच्या प्रयोगात इलेक्ट्रॉनांना ७५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ७५० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा दिली होती. तेव्हा त्यांची तरंगलांबी सुमारे १.६५ फेम्टोमीटर होते, म्हणजे केंद्रकापेक्षा लहान.

इलेक्ट्रॉन निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. केंद्रकाला एकत्र बांधून ठेवणारे प्रबळ बल इलेक्ट्रॉनवर चालत नाही. त्याला जाणवतो तो प्रामुख्याने केंद्रकातला विद्युतभार, आणि विद्युतबलाचे नियम आपल्याला अगदी नेमके ठाऊक आहेत. त्यामुळे इलेक्ट्रॉन कसे विखुरले, यावरून विद्युतभार कुठे किती आहे याचा हिशेब मागे जाऊन मांडता येतो.

कॅल्शियमच्या पातळ तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात आणि मोठे चुंबक असलेला वर्णपटमापक वेगवेगळ्या कोनांत फिरवून, त्या त्या कोनात किती इलेक्ट्रॉन आले ते मोजतात. भार एखाद्या बिंदूत एकवटला असता, तर कोन वाढेल तशी संख्या सरळ घटत गेली असती. तसे होत नाही. संख्या घटते, एका कोनाशी अगदी खाली जाते, मग पुन्हा वर येते, पुन्हा पडते. या खाचांना विवर्तनाचे किमान बिंदू म्हणतात. बारीक गोल थेंबांवर किंवा धूलिकणांवर प्रकाश पडला की भोवती उजळ-काळी कडी दिसतात, त्यामागचे कारण हेच. केंद्रकाच्या वेगवेगळ्या भागांवरून आलेले तरंग काही दिशांना एकमेकांना खोडून काढतात. वस्तू जितकी मोठी, तितके पहिले काळे कडे मध्याच्या जवळ.

आता आकडे मांडून पाहू. केंद्रक म्हणजे एकसारख्या भाराचा, काटेकोर कडेचा गोळा मानला, तर गणित सांगते की इलेक्ट्रॉनने दिलेला संवेग आणि त्रिज्या यांचा गुणाकार ४.४९ झाला की पहिली खाच पडते. कॅल्शियम-४० ची पहिली खाच सुमारे १८ अंशांजवळ येते. ७५० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनसाठी या कोनाला संवेगाचा आकडा, फेम्टोमीटरच्या हिशेबात, १.१९ येतो. ४.४९ ला १.१९ ने भागले की उत्तर ३.८ फेम्टोमीटर. एका कोनाच्या मापावरून केंद्रकाची त्रिज्या हाती आली.

पण केंद्रकाची कड चेंडूसारखी काटेकोर नसते. आतला भार जवळपास सारखा असतो आणि कडेला दोन-अडीच फेम्टोमीटरच्या पट्ट्यात हळूहळू विरत जातो. हे विरणे खाचांच्या जागेवरून नव्हे, तर दोन खाचांमधल्या उंचवट्यांवरून कळते. कड जितकी पसरट, तितके पुढचे उंचवटे झपाट्याने बुटके होत जातात. म्हणजे आलेखातून दोन स्वतंत्र गोष्टी वाचता येतात: खाचांच्या जागांवरून त्रिज्या आणि उंचवट्यांच्या घसरणीवरून कडेची जाडी.

कॅल्शियम-४८ च्या बाबतीत नेमका इथेच उलगडा झाला. त्याच्या खाचा कॅल्शियम-४० च्या तुलनेत थोड्या लहान कोनांकडे सरकल्या होत्या. म्हणजे भाराचा मुख्य गोळा मोठा झाला होता. पण त्याच वेळी कड अधिक आखूड झाली होती. गोळा फुगला आणि बाहेरची विरळ झालर आत ओढली गेली. दोन्हींचा ताळमेळ असा जुळला की भाराची सरासरी त्रिज्या दोन्ही केंद्रकांत जवळजवळ तीच राहिली, ३.४८ फेम्टोमीटर. सहा टक्के वाढ दिसलीच नाही. केवळ सरासरी आकार मोजला असता, तर आठ न्यूट्रॉनांनी काहीच बदलले नाही असे वाटले असते. आत झालेली मांडामांड खाचांनीच दाखवली.

हे मोजताना फसायला जागा भरपूर. खाचेच्या तळाशी येणारे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात, आणि तिथेच केंद्रकाला उत्तेजित करून थोडी ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन मिसळले, तर खाच खोटीच उथळ दिसते. कॅल्शियम-४० ला पहिल्या उत्तेजित अवस्थेत न्यायला ३.३५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे ७५० मधले सव्वातीन-साडेतीन वेगळे ओळखता येतील, इतका चुंबक बारकाईने काम करणारा हवा. शिवाय खाच कधीच शून्यापर्यंत जात नाही. धन भाराचे केंद्रक इलेक्ट्रॉनला आत ओढते, त्याचा तरंग वाकतो, आणि खोडाखोड अपुरी राहते. प्रोटॉन जितके जास्त, तितकी खाच भरत जाते. सोन्याच्या केंद्रकावरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत तर खाचांऐवजी नुसते चढउतारच दिसले होते. म्हणून साधे सूत्र अंदाजापुरतेच वापरतात. शेवटचा हिशेब तरंगाचे वाकणे धरून करावा लागतो.

आणि एक मर्यादा या पद्धतीतच आहे. इलेक्ट्रॉनला भार दिसतो, न्यूट्रॉन जवळजवळ दिसत नाहीत. ते आठ जास्तीचे न्यूट्रॉन नेमके कुठे बसले आहेत, हे या आलेखातून थेट कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या क्षीण बलाचा अगदी सूक्ष्म परिणाम मोजावा लागतो. अमेरिकेच्याच जेफरसन प्रयोगशाळेने कॅल्शियम-४८ वर तो प्रयोग करून २०२२ साली निष्कर्ष दिला: न्यूट्रॉनांचा पसारा प्रोटॉनांपेक्षा सुमारे ०.१२ फेम्टोमीटरने जास्त आहे. या फरकातला प्रोटॉनांचा आकडा मात्र विद्युतभाराच्या मापनातूनच घ्यावा लागतो.