परदेशी कॉलेजचा अर्ज बारावीत, पण तयारी नववीपासून का?

अमेरिकेत शिकून आलेली एक माजी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावातल्या आपल्या जुन्या शाळेत बोलायला उभी राहिली. तिचा पहिलाच प्रश्न होता, "नववीचं प्रगतीपुस्तक कुणाकुणाकडे आहे?" मोजकेच हात वर झाले.

आपल्याकडे पुढच्या प्रवेशाला दहावी-बारावीचे गुण लागतात, नववीचे कुणी विचारत नाही. अमेरिकी कॉलेजं मात्र पदवीच्या प्रवेशासाठी साधारणपणे नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात. ते शाळेच्या सही-शिक्क्यानिशी पाठवावे लागतात आणि मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. तिथल्या शाळांत हे काम समुपदेशक करतो. आपल्याकडे ते मुख्याध्यापकांना किंवा एखाद्या शिक्षकांना करावं लागतं. म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा, असं तिने सुचवलं.

अनेक कॉलेजांसाठी 'कॉमन अ‍ॅप' या वेबसाइटवर एकच मुख्य अर्ज भरता येतो. तो दरवर्षी 1 ऑगस्टला खुला होतो. बऱ्याच मोठ्या कॉलेजांची नेहमीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. म्हणजे बारावी बोर्डाची परीक्षा सुरू होण्याआधीच अर्ज गेलेला असतो.

मग पैशांचं काय? भाषणाचा बराचसा वेळ तिने यावरच दिला.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याला मदत लागणार आहे का, हे पाहत नाहीत. बहुतेक कॉलेजं मात्र पाहतात. तिथे मदत मागितली तर प्रवेश अवघड होऊ शकतो.

त्यामुळे काही जण मदतीचा रकाना रिकामा सोडतात आणि 'आधी प्रवेश मिळू दे, मग मागू' असा विचार करतात. नेमकी इथेच फसगत होते. प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक कॉलेजं पुढेही ती देत नाहीत.

तिने फळ्यावर हिशेब मांडला. समजा, वर्षाचा एकूण खर्च 90,000 डॉलर आहे आणि कुटुंब 4,000 डॉलर देऊ शकतं, असं कॉलेजने ठरवलं. पूर्ण गरज भागवणारं कॉलेज उरलेल्या 86,000 डॉलरची सोय करतं. दुसऱ्या कॉलेजने 30,000 डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर आकडा मोठा वाटतो, पण दरवर्षी 56,000 डॉलर कमी पडतात. हातात प्रवेशपत्र असूनही जाता येत नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवर दोन गोष्टी शोधायच्या. परदेशी विद्यार्थ्यांची पूर्ण गरज भागवली जाते का? आणि मदत नंतर मागता येते का? फक्त अमेरिकी नागरिकांसाठी लिहिलेलं आश्वासन आपल्याला लागू होत नाही.